एच-पॅटर्न शिफ्टर आणि क्लच पेडल: बीमएनजी ड्राइव्हमध्ये हाफ क्लच नेमका लागेपर्यंतची मांडणी

गेममध्ये खरा गिअरचा दांडा आणि तिसरं पेडल जोडलं की बहुतेकांना पहिल्या तासात तीनपैकी एक अडचण हमखास येते. गाडी पहिल्या गिअरमध्ये झटका मारून बंद पडते, किंवा इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी सरकत नाही, किंवा दांडा तिसऱ्यात असताना पडद्यावर न्यूट्रल दिसतं. मग सेटिंगमधला प्रत्येक स्लायडर हलवून पाहायला सुरुवात होते आणि नेमकं कशामुळे काय बदललं तेच कळेनासं होतं. हा गोंधळ टाळायचा तर एक क्रम पाळावा लागतो: आधी हार्डवेअर, मग विंडोज, मग व्हीलचं सॉफ्टवेअर आणि सगळ्यात शेवटी गेम. एक पायरी तपासून पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही.

उदाहरणासाठी मी लॉजिटेकचं जी-२९ व्हील, त्याचा स्वतंत्र मिळणारा ड्रायव्हिंग फोर्स शिफ्टर आणि पीसीवरचा बीमएनजी ड्राइव्ह हा गेम घेतला आहे. हा गेम निवडायचं कारण म्हणजे त्यातला क्लच मनापासून बनवलेला आहे. तो घसरतो, तापतो, जळतो. क्लच न दाबता गिअर टाकला तर दात घासल्याचा आवाज येतो आणि गिअर पडत नाही. त्यामुळे कॅलिब्रेशन चुकलं असेल तर हा गेम ते लगेच दाखवून देतो.

शिफ्टर कुठे बसवायचा

आपल्याकडच्या गाड्यांत स्टीअरिंग उजवीकडे आणि गिअर डाव्या हाताला असतो. इंटरनेटवरच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये शिफ्टर उजवीकडे दिसतो, कारण ते करणारे लोक डाव्या स्टीअरिंगच्या देशांतले असतात. त्यांचं अनुकरण करायची गरज नाही. तुम्ही खरी गाडी इथे चालवत असाल किंवा शिकणार असाल तर शिफ्टर डावीकडेच बसवा. गिअरची जागा बदलत नाही. पहिला डावीकडे वर, दुसरा त्याच्या खाली, हे इकडेही तसंच राहतं. ड्रायव्हिंग फोर्स शिफ्टरवर रिव्हर्स टाकताना दांडा आधी खाली दाबायचा आणि मग सहाव्या गिअरच्या जागी ओढायचा. न दाबता ओढला तर सहावाच पडतो.

टेबलाच्या कडेला क्लॅम्प घट्ट बसायला हवेत. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना शिफ्टर स्वतःच हलत असेल तर हाताला गिअरची जागा कधीच पक्की होणार नाही. काचेच्या किंवा गोल कडेच्या टेबलावर क्लॅम्प धरत नाही. तिथे जाड प्लायवूडची फळी मध्ये घालावी.

पेडलचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. आपल्या घरांत फरशी असते आणि फरशीवर पेडलचा ठोकळा मागे सरकतो. क्लच पूर्ण दाबायला गेलं की ठोकळा एक-दोन सेंटीमीटर पळतो, पाय मात्र थांबतो, आणि पेडल तळापर्यंत गेलंच नाही हे लक्षातही येत नाही. खाली जाळीदार रबरी चटई टाका आणि ठोकळ्याची मागची बाजू भिंतीला किंवा भिंतीला टेकवलेल्या फळीला लावा. हे केल्याशिवाय पुढचं कोणतंही कॅलिब्रेशन टिकणार नाही, म्हणून मी याला सगळ्यात जास्त महत्त्व देतो.

शिफ्टर आणि पेडल या दोन्हींच्या केबल व्हीलच्या खालच्या बाजूला लागतात. प्लग नऊ पिनांचे असतात आणि जागेवर चिन्हं कोरलेली असतात. पिना पटकन वाकतात, त्यामुळे प्लग सरळ रेषेत दाबा, हलवत हलवत घुसवू नका. जी-२९ वर पीएस-३ आणि पीएस-४ असं एक बटण असतं, पीसीसाठी ते पीएस-३ वर ठेवा.

विंडोजमध्ये पहिली तपासणी

पॉवर आल्यावर व्हील आपोआप डावीकडे-उजवीकडे फिरतं आणि मध्यावर थांबतं. त्या वेळी स्टीअरिंगला हात लावू नका आणि शिफ्टर न्यूट्रलमध्ये असू द्या. ते थांबलं की तिन्ही पेडल एकेक करून पूर्ण तळापर्यंत दाबा आणि सोडा. पेडल कुठून कुठपर्यंत जातं हे व्हीलला यातूनच कळतं. हे फक्त पहिल्या दिवशी करून चालत नाही. व्हील बंद होऊन पुन्हा चालू झालं की दर वेळी करावं लागतं. खेळताना वीज जाऊन आली असेल तर तेव्हाही. काल गाडी नीट चालत होती आणि आज क्लच विचित्र वागतोय, असं झालं तर आधी हीच शंका घ्या.

आता विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून पुढची आज्ञा द्या:

```
joy.cpl
```

यादीत जी-२९ दिसेल. त्यावर `Properties` दाबा आणि चाचणीचं पान उघडा. आधी क्लच. पेडल अगदी सावकाश, मनात पाच मोजत खाली न्या आणि तितक्याच सावकाश वर आणा. पट्टी किंवा आकडा एकसारखा सरकला पाहिजे. मध्येच उडी मारली, थरथरली किंवा एका जागी अडकून पुढे गेली, तर पेडलमधल्या हालचाल मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरवर धूळ बसली आहे. हा दोष गेमच्या सेटिंगने जात नाही. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

इथे एक गोष्ट पाहून घाबरू नका: पेडल सोडलेलं असताना पट्टी भरलेली आणि दाबल्यावर रिकामी दिसू शकते. लॉजिटेकची पेडल उलटा आकडा पाठवतात. तो सरळ करायचं काम गेमचं आहे, इथे काही बदलू नका.

मग शिफ्टर. प्रत्येक गिअर टाकल्यावर एक गोल बटण पेटतं. जी-२९ वर पहिला ते सहावा गिअर म्हणजे १३ ते १८ क्रमांकाची बटणं आणि रिव्हर्स म्हणजे १९. गिअर टाकून दांडा तिथेच धरा आणि बोटांनी थोडा डावी-उजवीकडे हलवा. दिवा पेटलेलाच राहिला पाहिजे. तो लुकलुकला, किंवा तिसऱ्यात असताना पहिल्याचा किंवा पाचव्याचा दिवा लागला, तर दोष शिफ्टरमध्ये किंवा सैल प्लगमध्ये आहे. या शिफ्टरच्या आत प्रत्येक गिअरला वेगळं बटण नसतं. दांडा आडवा किती आणि उभा किती सरकला हे दोन पोटेन्शिओमीटर मोजतात आणि त्यावरून व्हील गिअर ठरवतं. मोजमाप थोडं जरी सरकलं तरी शेजारचा गिअर वाचला जातो तो यामुळेच.

व्हीलच्या सॉफ्टवेअरमध्ये जेवढं कमी तेवढं चांगलं

लॉजिटेकच्या जी हब या सॉफ्टवेअरमध्ये क्लचची संवेदनशीलता ५० वर ठेवा. ५० म्हणजे सरळ रेषा: पेडल अर्धं दाबलं तर आकडाही अर्धा. दोन पेडल एकत्र करणारा पर्याय बंद असू द्या, नाहीतर ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकाच अक्षावर येतात. याउपर इथे काही करू नका. एक वक्र जी हबमध्ये आणि दुसरा गेममध्ये दिला की दोन्ही मिळून काय होतंय याचा अंदाज येत नाही. वक्र द्यायचा तर एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण गेम.

गेम स्टीममधून चालवत असाल तर गेमच्या गुणधर्मांत कंट्रोलरच्या पानावर जाऊन स्टीम इनपुट बंद करा. ते चालू राहिलं तर स्टीम मध्येच व्हीलचा ताबा घेऊ शकतं आणि गेमला व्हीलऐवजी गेमपॅड दिसू शकतो.

गेममधली जोडणी

बीमएनजी जी-२९ स्वतःहून ओळखतो आणि बरीच बटणं आधीच जोडून देतो. तरीही `Options` मधल्या `Controls` च्या पानावर जाऊन स्वतः तपासा. स्टीअरिंग, ॲक्सिलरेटर, ब्रेक आणि क्लच हे चार अक्ष प्रत्येकी एकदाच जोडलेले असले पाहिजेत. गिअर १ ते ६ आणि रिव्हर्स ही सात बटणं शिफ्टरला जोडा. न्यूट्रलला वेगळं बटण नसतं, कोणताच गिअर पडलेला नसेल तेव्हा गेम न्यूट्रल समजतो. स्टीअरिंगच्या मागचे पॅडल गिअर वर-खाली करायला जोडलेले असतील तर ती जोडणी काढून टाका. वळण घेताना बोट लागलं की गेममधला गिअर बदलतो, दांडा मात्र जुन्याच जागी राहतो.

नंतर गिअरबॉक्सचं वर्तन `Realistic` करा. `Arcade` मध्ये गेम स्वतःच क्लच सांभाळतो, त्यामुळे तुमचं पेडल असून नसल्यासारखं होतं. वाहन चालवताना क्यू दाबूनही हा प्रकार बदलतो, त्यामुळे चुकून क्यू दाबला गेला की शिफ्टर बिघडल्यासारखा वाटतो. आपोआप क्लच आणि आपोआप थ्रॉटल हे साहाय्यही बंद करा.

क्लचची दोन टोकं

आता मुख्य काम. क्लचच्या अक्षाच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: सुरुवातीचा मृत भाग, शेवटचा मृत भाग आणि रेषेचा वक्र. आधी वक्र १ वर, म्हणजे सरळ, ठेवा आणि फक्त दोन टोकांकडे लक्ष द्या.

सुरुवातीचा मृत भाग म्हणजे पेडल वर असताना जेवढी हालचाल गेमने दुर्लक्षित करायची तो. हा शून्य ठेवला तर पाय नुसता पेडलवर टेकलेला असतानाही गेमला दोन-तीन टक्के क्लच दाबलेला दिसतो. रस्त्यावर पाय क्लचवर ठेवून चालवणाऱ्याची क्लचप्लेट लवकर जाते, तेच इथेही होतं. इथे ०.०५ पुरेसं आहे.

शेवटचा मृत भाग त्याहून गरजेचा. गिअर पडायला क्लच पूर्ण सुटलेला, म्हणजे पेडल दाबून इंजिनपासून वेगळा झालेला असावा लागतो. पेडल ९३ टक्क्यांवर थांबलं आणि गेमला १०० हवे असतील तर दात घासतात आणि गिअर पडत नाही. घाईत गिअर बदलताना पाय दर वेळी तळाला टेकत नाही, आणि पेडलचा ठोकळा जरासा सरकला तरी तळ दूर जातो. म्हणून इथे ०.१० द्या. पेडल ९० टक्के दाबलं की गेमसाठी क्लच पूर्ण दाबला गेला. दोन्ही टोकांचे मिळून १५ टक्के गेले आणि उरलेल्या ८५ टक्क्यांत क्लचचा सगळा प्रवास बसला.

दिशा उलटी आहे का, हे याच वेळी पाहा. पेडल सोडल्यावर गेममधली क्लचची पट्टी रिकामी आणि दाबल्यावर भरलेली हवी. तसं नसेल तर उलटवण्याची खूण बदला. दिशा उलटी असल्याची खात्रीची खूण अशी: गिअर पडतो, ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिन ओरडतं, पण गाडी तेव्हाच चालते जेव्हा तुम्ही क्लच दाबता.

गाडीवर चाचणी

सपाट मोकळ्या नकाशावर इबिशू कोव्हेट ही छोटी हॅचबॅक घ्या, मॅन्युअल गिअरबॉक्सची. ताकद बेताची असल्याने क्लचची चूक लपत नाही. पडद्यावर पेडलची पट्टी आणि क्लचचं तापमान दाखवणारं ॲप लावून ठेवा.

इंजिन चालू, क्लच तळाला, पहिला गिअर, ब्रेक सोडलेला. गाडी जागची हलता कामा नये. ती हळूहळू पुढे सरकत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, शेवटचा मृत भाग ०.०२ ने वाढवा आणि पुन्हा पाहा.

मग ॲक्सिलरेटरला पाय न लावता क्लच अतिशय सावकाश सोडा. एका जागी इंजिनचा आवाज खाली येईल, आरपीएमचा काटा थोडा पडेल आणि गाडी हलू लागेल. हाच हाफ क्लच. त्या क्षणी पेडलची पट्टी कुठे आहे ते लक्षात ठेवा. तिथून सोडत राहिलात तर एका जागी क्लच पूर्ण पकडतो, ती जागाही पाहून ठेवा.

आता साहाय्य खरंच बंद आहे का ते पाहू. पहिल्या गिअरमध्ये हळू चालत्या गाडीला क्लच न दाबता ब्रेक लावून थांबवा. इंजिन बंद पडलं पाहिजे. पडलं नाही तर आपोआप क्लच अजून कुठेतरी चालू आहे.

चौथी चाचणी बरेच जण वगळतात आणि त्यामुळे त्यांना गाडी अशक्त वाटते. तिसऱ्या गिअरमध्ये, क्लचवरून पाय पूर्ण काढून, ॲक्सिलरेटर तळापर्यंत द्या. आरपीएम आणि वेग एकत्र वाढले पाहिजेत. आरपीएम पुढे पळत असेल, वेग मागे राहत असेल आणि क्लचचं तापमान चढत असेल, तर पेडल वर असूनही गेमला क्लच थोडा दाबलेला दिसतोय. सुरुवातीचा मृत भाग ०.०८ पर्यंत वाढवून पाहा. तरी फरक नसेल तर पेडलच पूर्ण वर येत नाही, म्हणजे पुन्हा `joy.cpl`.

वक्र कधी बदलायचा

टोकं जुळली, तरी गाडी उचलताना झटका बसतोच, असं असेल तर आणि तरच वक्राला हात लावा. समजा तुमच्या चाचणीत पकड ०.७५ वर सुरू झाली आणि ०.४५ वर पूर्ण झाली. १ म्हणजे तळाला दाबलेलं पेडल. सरळ रेषेत हा टप्पा पेडलच्या प्रवासाचा ३० टक्के भाग घेतो. वक्र १.५ केला तर तीच पकड पेडलच्या साधारण ०.८३ ते ०.५९ या भागात होते. टप्पा २४ टक्क्यांवर आला आणि तळाकडे सरकला, म्हणजे झटका आणखी वाढला. उलट वक्र ०.८ केला तर तोच टप्पा साधारण ०.७० ते ०.३७ मध्ये पसरतो, ३३ टक्के. पायाला सांभाळायला जागा जास्त मिळते आणि पकड थोडी वर येते.

अनेक जण स्टीअरिंगसाठी १ पेक्षा मोठा आकडा वापरून हालचाल मऊ करतात आणि क्लचलाही तोच लावतात. क्लचची पकड वरच्या उदाहरणासारखी तळाच्या अर्ध्या भागाजवळ असेल तर त्याचा परिणाम उलटा होतो. म्हणून आधी पकड कुठे आहे ते मोजा, मग आकडा ठरवा. ०.७ च्या खाली जाऊ नका, कारण मग पेडलच्या पहिल्याच स्पर्शाला क्लच बराच सुटू लागतो आणि तिसऱ्या गिअरची चाचणी पुन्हा नापास होते.

पकडीची जागा गाडीनुसार बदलते. एका गाडीसाठी वक्र अगदी काटेकोर केला तर दुसऱ्या गाडीत तो खटकेल. रोज चालवता त्या एका गाडीवर जुळवा आणि बाकीच्यांत पायाला शिकू द्या.

गिअर बदलताना दांडा गिअरमध्ये आणि गेम न्यूट्रलमध्ये अशी फूट पडली तर दांडा खेचत बसू नका. दांडा न्यूट्रलला आणा, क्लच तळापर्यंत न्या, पुन्हा गिअर टाका. हे वारंवार होत असेल तर दांडा क्लचच्या आधी हलतोय. पट्टी भरलेली दिसल्यावरच दांडा हलवायचा, असा सराव थांबलेल्या गाडीत केला की सवय लवकर लागते.

इतर गेममध्ये

असेटो कोर्सामध्ये हाच क्रम चालतो. तिथे एच-शिफ्टर वेगळा चालू करावा लागतो आणि आपोआप क्लचचं साहाय्य बंद करावं लागतं. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये बटणं शून्यापासून मोजलेली असतात, त्यामुळे विंडोजमधला १३ तिथे १२ दिसतो. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये बारा गिअरच्या ट्रकला सहा जागांचा दांडा पुरत नाही. तिथे स्टीअरिंगवरचं एक बटण रेंज बदलायला द्यावं लागतं, म्हणजे त्याच सहा जागा दुसऱ्यांदा वापरता येतात.

पेडलची पट्टी उड्या मारत असेल तर

व्हीलची पॉवर आणि यूएसबी दोन्ही काढा. पेडलच्या ठोकळ्याचे खालचे स्क्रू काढून तळ उघडा. प्रत्येक पेडलच्या बाजूला एक छोटा पोटेन्शिओमीटर दिसेल, त्याला तीन तारा जोडलेल्या असतात. त्याच्या फटीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा मारा आणि पेडल वीस-तीस वेळा वर-खाली करा. गंजरोधक तेलकट स्प्रे वापरू नका, त्याचा थर आत राहतो आणि त्यावर धूळ आणखी चिकटते. क्लीनर पूर्ण वाळू द्या, ठोकळा बंद करा आणि `joy.cpl` मध्ये पुन्हा सावकाश दाबून पाहा. पट्टी अजूनही त्याच जागी अडखळत असेल तर आतला पट्टा झिजला आहे आणि पोटेन्शिओमीटर बदलावा लागेल. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र स्क्रू न काढता पेडल दुरुस्तीला द्या.